‘करतोय’चे ‘krtoy’ झाले, तर मराठीचे व्याकरण बिघडते का?

नंदनवन (नागपूर) : कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेसाठी विषयांची यादी निघाली, की त्यात एक विषय हमखास असतो. ‘मेसेजमधील संक्षिप्त रूपांमुळे भाषेचे व्याकरण बिघडत आहे.’ अनुकूल बाजूचा वक्ता उत्तरपत्रिकेत दिसणारे `plz` आणि `u` सांगून हळहळतो. प्रतिकूल बाजूचा वक्ता भाषा नदीसारखी वाहती असते, असे म्हणतो. टाळ्या दोघांनाही मिळतात. पण व्याकरण म्हणजे नेमके काय आणि मेसेज लिहिताना त्यातले काय गळून पडते, हे तपासायच्या आत वेळ संपल्याची घंटा वाजते.

हे तपासण्यासाठी नंदनवन ही चांगली जागा आहे. पूर्व नागपुरातल्या या भागात केडीके अभियांत्रिकीसारखे मोठे महाविद्यालय आहे आणि इथला विद्यार्थी दिवसभरात किमान चार भाषारूपांतून ये-जा करतो. घरात नागपुरी बोली, मराठीच्या पुस्तकात प्रमाण मराठी, रस्त्यावर हिंदी आणि वर्गात इंग्रजी. मोबाइलवर मित्राला मेसेज पाठवताना यातले सगळे थोडे थोडे उतरते, तेही रोमन अक्षरांत. त्यामुळे इथे ‘बिघडलेली भाषा’ म्हणून जे दाखवले जाते, त्यात खरे काय बिघडले आहे आणि काय नुसतेच वेगळे आहे, हे सुटे करून पाहता येते.

एक मेसेज, सतरा शब्द

बसची वाट पाहणारा मुलगा मित्राला साधारण कसा मेसेज टाकेल, याचा एक नमुना घेऊ.

```
kuth ahe be? mi chowkat ubha ahe
tuhi vat pahun rhylo, lvkr ye
nhitr bus nighun jain
```

मोजले तर यात सतरा शब्द आहेत. त्यातले कापलेले शब्द फक्त चार : `kuth`, `rhylo`, `lvkr` आणि `nhitr`. बाकीचे तेरा शब्द जसे बोलले जातात तसेच रोमन अक्षरांत उतरले आहेत. संक्षिप्त रूपांनी मेसेज भरून वाहतो, हा पहिला समज इथेच थोडा ढिला पडतो.

हा फक्त एका नमुन्याचा प्रश्न नाही. कॅनडातील टोरांटो येथे भाषाशास्त्रज्ञ साली टॅग्लिआमाँटे आणि डेरेक डेनिस यांनी किशोरवयीन मुलांच्या चॅटमधील दहा लाखांहून अधिक शब्द तपासले. त्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. `lol`सारखी खास चॅटची म्हणून ओळखली जाणारी रूपे त्यात ३ टक्क्यांहूनही कमी निघाली. डोळ्यांना मात्र तीच रूपे आधी दिसतात, म्हणून ती जास्त वाटतात.

आता कापलेल्या शब्दांत नेमके काय कापले, ते पाहा. `lvkr` म्हणजे ‘लवकर’. यातले सगळे स्वर गेले, व्यंजने राहिली. `nhitr` म्हणजे ‘नाहीतर’. यातला ‘ना’चा आकार आणि ‘तर’मधला अकार गेला. `kuth`मध्ये ‘कुठं’चा शेवटचा स्वर गेला. हे तिन्ही शब्द अव्यये आहेत, म्हणजे लिंग, वचन, विभक्ती यांमुळे त्यांचे रूप बदलत नाही. त्यांतले स्वर गेले तरी वाक्यातला कोणताही संबंध तुटत नाही.

चौथा शब्द `rhylo` महत्त्वाचा आहे. ‘राहिलो’मधला ‘रा’चा आकार गेला, मधली वेलांटी `y`मध्ये दबली. शेवटचा ‘लो’ मात्र पूर्ण राहिला. ‘मी’सोबत आलेला हा ‘लो’ सांगतो, की बोलणारा पुरुष आहे आणि तो स्वतःबद्दल बोलतो आहे. हाच मेसेज मुलीने लिहिला असता तर नागपुरी ढंगात `rhyli` झाले असते आणि `ubha`चे `ubhi`. म्हणजे ज्या स्वराच्या अंगावर व्याकरणाचे ओझे होते, तो स्वर बोटांनी सोडला नाही.

कात्री कुठे चालते?

ही गोष्ट मराठी मेसेजमध्ये पुन्हा पुन्हा दिसते. ‘करतोय’चे `krtoy` होते आणि ‘करतेय’चे `krtey`. पहिल्या ‘क’मधला अकार दोन्हीकडे गेला, पण `o` आणि `e` राहिले, कारण तो बोलतो की ती, हे त्यांच्यावर ठरते. ‘म्हणाला’चे `mhnala` होते, ‘म्हणाली’चे `mhnali`. कात्री धातूच्या पोटातून चालते आणि प्रत्ययाजवळ येऊन थांबते.

नामांचेही तसेच आहे. ‘कॉलेज’ हा शब्द मेसेजमध्ये तीन अक्षरांवर येतो : `clg`. पण ‘मी कॉलेजला आहे’ हे लिहिताना कोणी `mi clg ahe` लिहीत नाही. ते ‘मी कॉलेज आहे’ असे वाचले जाईल आणि समोरचा हसेल. लिहिले जाते ते `mi clg la ahe`. अख्खे नाम कापले, पण एका अक्षराचा ‘ला’ जपला. वरच्या नमुन्यातले `chowkat` पाहा. ‘चौक’ला ‘त’ लागण्याआधी त्याचे ‘चौका’ असे सामान्यरूप होते. व्याकरणाच्या तासाला हेच सामान्यरूप समजावताना शिक्षकांचा घाम निघतो. मेसेज टाकणारा मुलगा ते न अडखळता करतो.

मराठीचे व्याकरण मुख्यतः शब्दांच्या शेपटीत असते, हे याचे कारण. कोणी केले, कोणाला दिले, कुठे ठेवले, एक की अनेक, हे सगळे प्रत्यय सांगतात. मेसेज लिहिणाऱ्याला अक्षरे वाचवायची असतात, पण अर्थ पोहोचवायचाही असतो. म्हणून तो जे कापले तरी चालेल तेच कापतो आणि काय कापले तर चालणार नाही, हे त्याला न शिकवता कळते. व्याकरण बिघडले असते, तर ही निवड त्याला करताच आली नसती.

याला अपवाद आहेत. काही जण घाईत `krty` एवढेच लिहितात. मग ‘करतोय’ की ‘करतेय’ हे शब्दावरून कळत नाही. पण मेसेजवर पाठवणाऱ्याचे नाव असतेच, त्यामुळे गेलेले लिंग तिथून भरून निघते. नाव नसलेल्या कागदावर हेच रूप गेले, तर मात्र माहिती खरोखर हरवते.

बोलीला बिघाड समजण्याची चूक

नमुन्यातले तीन तुकडे प्रमाण मराठीच्या शिक्षकाला खटकतील : `tuhi vat`, `pahun rhylo` आणि `bus nighun jain`. पुस्तकी मराठीत ते अनुक्रमे ‘तुझी वाट’, ‘पाहतो आहे’ आणि ‘बस निघून जाईल’ असे होतील. या तिन्ही ठिकाणी मोबाइलचा काही संबंध नाही. ही नागपुरी-वऱ्हाडी बोली आहे.

‘करून राहिला’, ‘जाऊन राहिलो’ ही चालू क्रियेची रूपे विदर्भात मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. ‘तो येईन’, ‘बस जाईन’ यात तृतीय पुरुषालाही ‘न’ लागतो, हा या बोलीचा नियम आहे. ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘तुला’ऐवजी ‘तुले’ हेही तसेच. बोलणारा हे कधी करतो आणि कधी करत नाही, असे होत नाही. तो दर वेळी तसेच करतो. ज्याला नियम आहे, त्याला बिघाड म्हणता येत नाही. ते दुसरे व्याकरण आहे.

वादविवादात मात्र हा फरक बहुतेक वेळा पुसला जातो. वक्ता `mle` हे रूप दाखवतो आणि ‘पाहा, मोबाइलने मराठीची काय दशा केली’ असे म्हणतो. मोबाइलने इथे फक्त एकच केले आहे. जी बोली आजवर फक्त ऐकू येत होती, ती आता लिहिलेली दिसू लागली आहे.

कापाकापी सुरू कुठून झाली?

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने पाठवला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी १४० बाइट, म्हणजे ११२० बिट एवढीच जागा असते. रोमन लिपीचे एक अक्षर ७ बिटांत बसते, म्हणून एका मेसेजमध्ये १६० अक्षरे मावतात. देवनागरीसाठी मात्र प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात. त्याच जागेत मग फक्त ७० चिन्हे बसतात.

‘चिन्ह’ म्हणजे डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे, हेही लक्षात घ्यावे लागते. ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. फोनच्या हिशेबात मात्र त्यातली प्रत्येक काना-वेलांटी, प्रत्येक हलन्त आणि अनुस्वार वेगळा मोजला जातो. अशी एकूण १५ चिन्हे होतात, म्हणजे २४० बिट. तोच शब्द रोमनमध्ये `vidyarthyanna` लिहिला, तर १३ अक्षरे आणि ९१ बिट. देवनागरीत लिहिले तर तोच निरोप दोन-तीन मेसेजमध्ये फुटायचा आणि पैसे प्रत्येक मेसेजचे लागायचे. दिवाळी, नववर्ष अशा दिवशी तर एसएमएस पॅकही चालत नसत आणि पूर्ण दर मोजावा लागे. शिवाय अंकांच्या बटणांवर एकेक अक्षरासाठी तीन-चार वेळा बोट दाबायचे.

म्हणजे रोमन लिपी आणि कापलेले शब्द या दोन्ही सवयींचे मूळ आळसात नव्हते, पैशांत आणि बटणांत होते. पुढे स्मार्टफोन आले, इंटरनेटवरून मेसेज जाऊ लागले, अक्षरांची मर्यादा गेली, देवनागरी कीबोर्डही आला. कारण संपले, तरी रूपे राहिली. का राहिली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्या रूपांना आता दुसरे काम मिळाले आहे. ती जवळीक दाखवतात.

‘लवकर ये’ असे देवनागरीत, पूर्णविरामासह, मित्राला पाठवून पाहावे. तो विचारेल, ‘रागावला का बे?’ अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसले होते. मेसेजमधील एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला, तर वाचणाऱ्यांना ते उत्तर कमी मनापासूनचे वाटले. कागदावरच्या चिठ्ठीत मात्र तसा फरक पडला नाही. पूर्णविराम तोच, पण जागा बदलली की त्याचा अर्थ बदलला. एखाद्या ठिकाणचे बोलणे स्वतःचे असे संकेत तयार करते, ते पाळले नाहीत तर लोकांना खटकते, तेव्हा भाषाशास्त्रात त्याला ‘रजिस्टर’ म्हणतात. सोप्या शब्दांत, प्रसंगाप्रमाणे घातलेला भाषेचा पोशाख. घरातल्या पायजम्यावर कोणी आक्षेप घेत नाही. तो घालून लग्नाच्या पंगतीत गेले, तर आक्षेप येतो.

मराठीने हे आधी पाहिले आहे

शब्द कापण्याची रीत मराठीला नवी नाही. जुन्या पत्रांचा मायनाच ‘सा. न. वि. वि.’ने सुरू होत असे, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. वडीलधाऱ्या नातेवाइकांना ‘ती. स्व.’, मुलाला ‘चि.’, परक्या सन्मान्य गृहस्थाला ‘रा. रा.’, पत्र संपल्यावर काही आठवले तर ‘ता. क.’ आणि पाकिटावर ‘मु. पो.’. यातले एकेक रूप `gm` आणि `hbd` यांच्याइतकेच आखूड आहे. फरक एवढाच, की कोणासाठी कोणते रूप वापरायचे हे घरातले मोठे शिकवत. ‘चि.’ लिहायच्या ठिकाणी ‘ती. स्व.’ लिहिणे ही चूक होती आणि ती चूक व्याकरणाची नव्हती, नात्याची होती.

मोडी लिपीचे उदाहरण याहून बोलके आहे. मराठी मुलखातला दप्तरी कारभार शतकानुशतके मोडीत चालला. त्या लिपीत इ-ई आणि उ-ऊ यांचा ह्रस्व-दीर्घ भेद पाळला जात नव्हता. लेखणी न उचलता भराभर लिहायचे, वारंवार येणारे शब्द एक-दोन अक्षरांत आटपायचे, अशी तिची रीत होती. लाखो कागद असे लिहिले गेले, पण मराठीची विभक्ती, लिंग किंवा काळ त्यामुळे कोसळले नाहीत.

लेखनाचे नियम तर अधिकृतपणेही बदलले आहेत. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. ‘नांव’चे ‘नाव’ झाले, ‘पांच’चे ‘पाच’. जुन्या वळणाच्या वाचकाला ते अनुस्वाराविना बोडके वाटले असेल, पण मराठी वाक्याचा सांगाडा तसाच राहिला. शुद्धलेखन आणि व्याकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या बदलाने दाखवले. ‘नाव’वर अनुस्वार द्यायचा की नाही, हे शुद्धलेखन. ‘नाव’ला ‘त’ लागला की ‘नावात’ होते, हे व्याकरण.

मग तक्रार अगदीच खोटी आहे का?

नाही. अनुकूल बाजूच्या वक्त्याकडे दोन भक्कम मुद्दे आहेत. फक्त तो ते मांडत नाही, कारण त्याचे बोट चुकीच्या जागी असते.

पहिला मुद्दा देवनागरी लिहिण्याच्या सरावाचा. रोमन लिपीत ‘त’ आणि ‘ट’ यांना एकच `t`, ‘न’ आणि ‘ण’ यांना एकच `n`, ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच `l`. `kal` म्हणजे ‘काल’, ‘काळ’ की ‘कळ’, हे वाक्यावरून ओळखावे लागते. वरच्या नमुन्यातले `tuhi` ‘तूही’ असेही वाचता येते. दिवसभर असे लिहिणाऱ्याच्या हाताला ह्रस्व-दीर्घाचा निर्णय घ्यावाच लागत नाही. देवनागरी कीबोर्डवरही रोमनमध्ये `aani` टाइप केले, की फोन ‘आणि’ समोर ठेवतो आणि बोट त्यावर पडते. शब्द ओळखता येतो, पण आठवून लिहिलेला नसतो. परीक्षेत कागदावर सुचवणारे कोणी नसते. तिथे मग ‘आणी’ उतरते, कारण मराठी शब्दांचा शेवटचा इकार सहसा दीर्घ असतो आणि ‘आणि’ हा त्याला अपवाद आहे, हे हाताला माहीत नसते. नुकसान खरे आहे, पण ते शुद्धलेखनाचे आहे. सरावाने ते भरून निघते.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि त्याचा संक्षिप्त रूपांशी संबंधच नाही. तो वाक्ये तोडण्याचा आहे. नमुन्यातला मुलगा बस चुकल्यानंतर मित्राला काय लिहील, ते पाहू.

```
bus geli
ushir zala
pahila tas gela
```

तीन ओळी, तीन छोटी वाक्ये. कोणत्याही शब्दाचे व्याकरण चुकलेले नाही. ‘गेली’ हे ‘बस’प्रमाणे स्त्रीलिंगी, ‘गेला’ हे ‘तास’प्रमाणे पुल्लिंगी. पण बस गेल्यामुळे उशीर झाला आणि उशीर झाल्यामुळे तास गेला, हा कार्यकारणाचा धागा कुठेही लिहिलेला नाही. तो एकाखाली एक आलेल्या ओळींतून वाचणाऱ्याने समजून घ्यायचा.

हीच गोष्ट वर्गशिक्षकांना अर्जात लिहायची झाली, तर अशी लिहावी लागेल : ‘सकाळची बस चुकल्यामुळे मला महाविद्यालयात पोहोचण्यास उशीर झाला व त्यामुळे मी पहिल्या तासाला उपस्थित राहू शकलो नाही.’ मेसेजमधून अर्जात जाताना काय वाढले, हे इथे स्पष्ट दिसते. गळलेले स्वर भरण्याचे काम सोपे होते. खरी भर पडली ती ‘चुकल्यामुळे’, ‘पोहोचण्यास’, ‘राहू शकलो नाही’ या रूपांची. कारण, हेतू, अट, विरोध दाखवणारी ही रूपे चॅटमध्ये क्वचितच लागतात. तिथे प्रत्येक विचार आपापल्या फुग्यात सुटा जातो. जो मुलगा वर्षानुवर्षे फक्त असेच लिहितो आणि दुसरे काही लिहीत नाही, त्याला लांब वाक्य बांधण्याचा सराव राहत नाही. उत्तरपत्रिकेत मग पाच ओळींचे उत्तर पाच सुट्या विधानांचे होते. वाचणाऱ्या परीक्षकाला ‘याची भाषा बिघडली’ असे वाटते आणि दोष `lvkr`वर टाकला जातो.

संशोधन काय सांगते?

इंग्रजीत या प्रश्नावर बराच अभ्यास झाला आहे आणि तो एका बाजूला झुकलेला नाही. ब्रिटनमधील कॉव्हेंट्री विद्यापीठाच्या बेव्हर्ली प्लेस्टर आणि क्लेअर वुड यांनी १० ते १२ वर्षांच्या मुलांवर केलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संक्षिप्त रूपे जास्त वापरणाऱ्या मुलांचे शब्दवाचन उलट चांगले आढळले. `gr8` लिहिण्यासाठी शब्दाचा आवाज सुटा करून ऐकावा लागतो आणि वाचनासाठी तेच कौशल्य लागते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. याउलट अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे ड्रू सिंगेल आणि एस. श्याम सुंदर यांना २०१२ च्या अभ्यासात, अशी रूपे जास्त पाठवणाऱ्या शाळकरी मुलांचे व्याकरण चाचणीतील गुण कमी दिसले.

दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट समान आहे. दोन्हींनी दोन गोष्टी सोबत आढळतात एवढे दाखवले. एकीमुळे दुसरी झाली, असे त्यातून सिद्ध होत नाही. ज्याचे व्याकरण आधीच कच्चे, तोच कदाचित जास्त कापून लिहीत असेल. हे सोडवायचे तर त्याच मुलांना काही काळाने पुन्हा तपासावे लागते. क्लेअर वुड, नेना केम्प आणि सॅम वॉल्ड्रॉन यांनी तसे केले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, मेसेजमध्ये व्याकरण मोडणाऱ्या मुलांचे नंतरचे व्याकरण त्यामुळे खालावते, असा सातत्याने दिसणारा पुरावा मिळाला नाही.

हे सगळे इंग्रजीतले आहे, ही मर्यादा मात्र वक्त्याने व्यासपीठावर सांगितलीच पाहिजे. इंग्रजी मूल कापते तेव्हा लिपी तीच असते. मराठी मूल कापते तेव्हा लिपीही बदलते. त्यामुळे इंग्रजीतला दिलासा मराठीला जसाच्या तसा लागू होत नाही. देवनागरी सुटण्याचा धोका हा आपला स्वतंत्र धोका आहे आणि त्याचे उत्तर ब्रिटनच्या अभ्यासात शोधून उपयोग नाही.

बिघडले की पोशाख बदलला, हे कसे ओळखावे?

त्यासाठी तीन साध्या कसोट्या आहेत. पहिली, मेसेज मोठ्याने वाचावा. वाचताना वाक्य नीट उमटले, तर गेले ते फक्त लेखनातले. `lvkr ye` कोणीही ‘लवकर ये’ असेच वाचतो. दुसरी, खटकणारे रूप घरच्या बोलीत आहे का, हे आजीला विचारावे. आजीही ‘बस जाईन’ म्हणत असेल, तर तो मोबाइलचा परिणाम नाही.

तिसरी कसोटी सर्वांत खरी आहे. त्याच मुलाला तोच मजकूर दुसऱ्या माणसासाठी लिहायला सांगावा. मित्राला बस चुकल्याचा मेसेज आणि प्राचार्यांना उशिराबद्दलचा अर्ज, दोन्ही त्याच्या हातून आले तर त्याच्याकडे दोन पोशाख आहेत. काळजीचे कारण नाही, उलट कौतुक करावे. प्राचार्यांनाही त्याने तीन तुटक ओळीच लिहिल्या, तर नुकसान झाले आहे. पण ते मेसेजने काही काढून घेतल्याने झालेले नाही. दुसरा पोशाख त्याला कोणी शिवूनच दिला नाही, म्हणून झाले आहे.

म्हणून मेसेजवर बंदी घालून किंवा `krtoy`ला लाल शाई लावून शाळा-कॉलेजच्या हाती फार काही लागणार नाही. वर्गात मुलांचेच मेसेज फळ्यावर घ्यावेत. तीन सुट्या ओळी कारण दाखवणाऱ्या एका वाक्यात बांधायला सांगाव्यात. ‘म्हणून’, ‘जरी-तरी’, ‘असता तर’ यांनी त्या जोडून घ्याव्यात. शेवटी तोच मजकूर देवनागरीत, शब्द न सुचवणाऱ्या साध्या कागदावर लिहून घ्यावा. पंधरा मिनिटांच्या या कामात व्याकरण, शुद्धलेखन आणि प्रसंगाचे भान या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसतात.

वादविवादाचा निकाल द्यायचाच झाला, तर संक्षिप्त रूपांवरचा व्याकरण बिघडवल्याचा आरोप टिकत नाही. शुद्धलेखनाचा सराव घटवल्याचा आरोप काही अंशी टिकतो. लांब वाक्याची सवय मोडल्याचा आरोप पूर्ण टिकतो, पण त्यातला आरोपी वेगळा आहे. यापुढे या विषयावर बोलणाऱ्या वक्त्याला परीक्षकांनी एकच प्रश्न विचारावा : तुमच्या उदाहरणातला प्रत्यय पडला, की नुसता स्वर?